रडारला वाट देणारा राउटर

संध्याकाळी व्हिडिओ कॉल व्यवस्थित चालू असतो आणि अचानक समोरचा चेहरा गोठतो. मोबाइलवरची वायफायची खूण नाहीशी होते, मिनिटभराने परत येते आणि सगळे पूर्ववत होते. कंपनीकडे तक्रार केली की लाइन ठीक असल्याचे उत्तर मिळते, आणि बऱ्याचदा ते खरेही असते. अशा वेळी राउटर बिघडलेला नसून त्याला रडारची चाहूल लागली असण्याची शक्यता आहे. नियमानुसार ती जागा सोडून तो दुसरीकडे गेलेला असतो.

आपले वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालते, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ. वरचा पट्टा वेगवान आणि ऐसपैस, पण तो सगळाच वायफायचा नाही. त्यातली 36 ते 48 आणि 149च्या पुढची चॅनल बिनघोर वापरता येतात. मधली 52 ते 64 आणि 100 ते 144 ही चॅनल मात्र ज्या लहरींवर आहेत, तिथे हवामानाची, जहाजांची आणि लष्करी रडार आधीपासून काम करत होती. 2003 साली जिनिव्हात झालेल्या जागतिक रेडिओ परिषदेत हा भाग वायफायला मिळाला तो एका अटीवर: रडार दिसले की वायफायने जागा सोडायची. राउटरच्या सेटिंगमध्ये `DFS` अशी अक्षरे दिसतात, ती याच अटीची.

ही अट किती गरजेची आहे, ते प्वेर्तो रिकोत दिसून आले. अमेरिकेत मोठ्या विमानतळांजवळ एका खास प्रकारचे हवामान रडार असते. 2 ऑगस्ट 1985 रोजी डॅलसला उतरणारे डेल्टा कंपनीचे विमान ढगातून अचानक खाली कोसळणाऱ्या वाऱ्याच्या झोतात सापडले आणि 137 माणसे गेली. असा झोत आधीच ओळखून वैमानिकाला सावध करणे हे या रडारचे काम. ते 5600 ते 5650 मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे नेमके वायफायच्या 120, 124 आणि 128 या चॅनलच्या जागी.

2009च्या सुमारास सान हुआनच्या विमानतळासाठी असलेल्या रडारच्या पडद्यावर केंद्रापासून कडेपर्यंत जाणारे सरळ पट्टे उमटू लागले. रडार एक जोरदार स्पंद सोडते, मग गप्प राहून पावसाच्या थेंबांवरून येणारा अतिशय क्षीण प्रतिध्वनी ऐकते. त्या शांततेत एखादे यंत्र सतत बोलत असले, तर ज्या दिशेला ते आहे ती सबंध दिशा रडारला पावसासारखी दिसते किंवा तिथला खरा पाऊस झाकला जातो. तपासात या खुणा 5 गिगाहर्ट्झच्या, उघड्यावर उंच जागी बसवलेल्या यंत्रांपर्यंत पोहोचल्या. घरोघर इंटरनेट पुरवणाऱ्यांनी ती लावलेली होती. पुढे अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने काही पुरवठादारांना दंड केला आणि यंत्रे बनवणाऱ्यांसाठीचे नियमही कडक केले.

आता घरातला राउटर नेमके काय करतो ते पाहू. समजा तो चॅनल 100 वर आहे. तिथे बसण्याआधी त्याने पूर्ण 60 सेकंद काहीही न पाठवता फक्त ऐकलेले असते. काम सुरू झाल्यावरही तो ऐकतच राहतो. रडारचा स्पंद साधारण सेकंदाच्या दहालाखाव्या भागाएवढा, पण ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा येणारा असतो. असा नमुना दिसला की त्याने नेहमीची वाहतूक जवळपास लगेच थांबवायची आणि 10 सेकंदांच्या आत चॅनल पूर्ण मोकळे करायचे. मग त्या चॅनलकडे अर्धा तास फिरकायचे नाही.

जाण्यापूर्वी तो मोबाइल आणि लॅपटॉपना नव्या चॅनलचा क्रमांक कळवतो. ज्या यंत्राला हा निरोप मिळाला आणि समजला, ते गुपचूप सोबत जाते. ज्याला मिळाला नाही ते तुटते आणि नव्याने शोध घेते. नवे चॅनल 36 असेल तर खोळंबा थोडक्यात आटोपतो. पण तेही रडारच्या भागातले असेल, तर राउटरला पुन्हा 60 सेकंद गप्प बसून ऐकावे लागते, आणि ते मिनिट आपल्याला वायफाय गेल्यासारखे वाटते. युरोपात हवामान रडारच्या चॅनलवर ही प्रतीक्षा 10 मिनिटांची आहे. काही राउटर अर्ध्या तासाने जुन्या चॅनलवर परतू पाहतात, म्हणून एकाच संध्याकाळी दोनदा खंड पडतो.

वेगाचा हव्यास यात भर घालतो. 80 मेगाहर्ट्झ रुंदी निवडली की राउटर शेजारशेजारची चार चॅनल एकत्र वापरतो. त्यातल्या एकावर जरी रडार आढळले, तरी सगळा गठ्ठा सोडावा लागतो. 160 मेगाहर्ट्झची रुंदी तर नेहमीच्या मांडणीत रडारच्या भागात शिरल्याशिवाय मिळतच नाही. महागडा, नवा राउटर आणल्यावर खंड वाढले, अशी तक्रार ऐकू येते, तिचे एक कारण हे असू शकते.

प्रत्येक वेळी खरेच रडार असते असेही नाही. राउटर स्वतः बोलत असताना ऐकू शकत नाही. मधल्या फटींत जे तुटक कानावर पडते, त्यावरून त्याला ठरवावे लागते. जवळच्या दुसऱ्या यंत्राच्या गोंगाटालाही तो रडार समजू शकतो. शंका आली तर जागा सोडायची, हाच माझ्या मते योग्य कल आहे, कारण चुकून सोडल्याने एक कॉल तुटतो, तर चुकून न सोडल्याने वादळाची एक दिशा झाकली जाते.

आपल्या घरचे कारण हेच आहे का, ते ओळखता येते. खंड पडताच 2.4 गिगाहर्ट्झवरचे किंवा तारेने जोडलेले यंत्र पाहा. तेही बंद असेल तर दोष बाहेरच्या लाइनीत किंवा सबंध राउटरमध्ये आहे. फक्त 5 गिगाहर्ट्झच गेले असेल, तर वायफाय दाखवणाऱ्या एखाद्या मोबाइल अॅपमध्ये चॅनलचा क्रमांक बघा. आधी 100 होता आणि आता 36 झाला असेल, तर संशय पक्का होत जातो. राउटरची नोंदवही उघडता येत असेल तर खात्रीच करता येते. OpenWrt वर चालणाऱ्या राउटरमध्ये ही आज्ञा द्या:

```
logread | grep DFS
```

उत्तरात `DFS-RADAR-DETECTED` दिसले आणि त्याची वेळ तुमच्या खंडाच्या वेळेशी जुळली, तर दुसरा पुरावा नको.

उपाय साधा आहे. चॅनल आपोआप निवडण्याची सोय बंद करून 36 ते 48 किंवा 149 ते 161 यांपैकी एक ठरवून द्या, रुंदी 80 ठेवा. किंमत एवढीच की बहुतेक शेजारीही तिथेच असतात आणि दाट वस्तीत वेग थोडा कमी होतो. महिनोन्‌महिने नोंदवहीत रडार आलेच नसेल, तर मात्र मधली चॅनल खुशाल वापरा. ती बहुधा रिकामी असतात.

एक गोष्ट करू नका. राउटरला देश वेगळा सांगून ही तपासणी चुकवण्याची युक्ती काही जण सुचवतात. ती वापरणारा राउटर रडारच्या जागेवर ठाण मांडून बसतो, आणि गच्चीवर किंवा खांबावर लावलेला असेल तर त्याचा त्रास दूरवर पोहोचतो. कॉल तुटू नये म्हणून चॅनल बदला, देश बदलू नका.