मालकंस की दरबारी? पाच सुरांवरून केलेली ओळख

‘बैजू बावरा’ (1952) या चित्रपटात ‘मन तडपत हरि दर्शन को आज’ आणि ‘ओ दुनिया के रखवाले’ ही दोन गाणी आहेत. दोन्हींचे संगीतकार नौशाद, गीतकार शकील बदायुनी आणि गायक मोहम्मद रफी. दोन्हींत देवाची आळवणी आहे, दोन्ही चाली गंभीर आहेत आणि दोन्ही ऐकताना रात्र चढल्यासारखी वाटते. तरीही पहिले गाणे मालकंसात आहे आणि दुसरे दरबारीत. नुसत्या भावावर विसंबणाऱ्या श्रोत्याची इथे गल्लत होते. भावाने रागाचा परिसर कळतो, नेमके घर मात्र सुरांवरूनच सापडते. या जोडीतले पहिले गाणे घेऊन हा शोध पायरीपायरीने करता येतो.

पहिली पायरी ‘सा’ सापडण्याची. तो चुकला की पुढचे सगळे चुकते. गाणे चालू असताना एकच सूर गुणगुणत धरून ठेवायचा आणि तो प्रत्येक ओळीखाली खपतो का, हे पाहायचे. ओळ संपल्यावर जिथे चाल पूर्ण विसावते, पुढे काही हवे असे वाटत नाही, तो बहुधा सा असतो. मालकंसात मात्र इथेच एक फसगत दडलेली आहे. या रागात पंचम नाही, म्हणून तंबोऱ्याची पहिली तारही पंचमाऐवजी मध्यमात लावतात. मध्यम हाच रागाचा वादी सूर आहे आणि चाल पुन्हापुन्हा त्याच्यावर येऊन थांबते. नवख्या कानाला हा मध्यमच सा वाटू शकतो. अशा वेळी मधल्या थांब्यांकडे पाहू नये, ध्रुवपद जिथे संपते तिथे लक्ष द्यावे. मध्यमावरचा थांबा भरदार असला तरी तो मुक्कामाचा नसतो. त्यानंतर चाल ‘म ग सा’ अशी उतरते, तेव्हा खरा सा उघड होतो.

सा चुकला तर काय होते, हे बाजाच्या पेटीवर डोळ्यांना दिसते. मालकंसाचे सूर पाच: सा, कोमल ग, शुद्ध म, कोमल ध आणि कोमल नी. काळी पाच हा सा धरला, तर हा अख्खा राग फक्त काळ्या पट्ट्यांवर वाजतो. काळी पाच सा, तिच्या वरची काळी एक कोमल ग, काळी दोन म, काळी तीन कोमल ध आणि काळी चार कोमल नी. आता पट्ट्या त्याच ठेवून काळी तीन हा सा मानावा आणि तिथून वर वाजवत जावे. मालकंस कुठल्या कुठे जातो आणि भूप ऐकू येतो. काळी एक हा सा धरला तर त्याच पाच पट्ट्यांतून दुर्गा निघतो. काळी दोन, म्हणजे मालकंसाचा मध्यमच, सा मानला तर धानी निघतो. वर सांगितलेली फसगत ती हीच. पट्ट्या त्याच राहतात, हललेला असतो तो फक्त पाया. म्हणून ‘गाण्यात कोणते सूर आहेत’ या प्रश्नाआधी ‘सा कुठे आहे’ हा प्रश्न येतो.

मूळ ध्वनिमुद्रण कोणत्याही पट्टीत असू शकते आणि जुन्या मुद्रणाचा सा कधीकधी पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्येही पडतो. मुद्रणाशी पेटी जुळवण्याचा हट्ट अशा वेळी सोडून द्यावा. ध्रुवपद स्वतःच्या सोयीच्या पट्टीत म्हणावे आणि मग ते पेटीवर शोधावे. सुरांमधली अंतरे तीच राहत असल्याने रागाला काही धक्का लागत नाही.

दुसरी पायरी गैरहजर सुरांची. राग ओळखताना लागणारे सूर मोजण्यापेक्षा न लागणारे सूर हेरणे पुष्कळ सोपे असते. मालकंसात रिषभ आणि पंचम दोन्ही वर्ज्य आहेत. चाल सावकाश म्हणत असताना सा आणि ग यांच्यामध्ये कुठे पाऊल पडते का, म आणि ध यांच्यामध्ये पडते का, एवढेच तपासायचे. ‘मन तडपत’मध्ये या दोन्ही जागा रिकाम्या राहतात. दरबारीतही कोमल ग, शुद्ध म, कोमल ध आणि कोमल नी हेच सूर असतात. वर शुद्ध रिषभ आणि पंचम असतात. म्हणजे मालकंसाचे पाचही सूर दरबारीच्या पोटात आहेत. दोन्ही गाणी एकाच कुळातली वाटतात, याचे एक कारण हेच आहे.

दोहोंतला फरक अगदी जवळून पाहायचा तर चार सुरांचा तुकडा पुरतो. मालकंसाचा उतार ‘ग म ग सा’ असा होतो आणि दरबारीचा ‘ग म रे सा’ असा. फरक तिसऱ्या सुराचा. दोन्ही तुकडे पाठोपाठ दहा-बारा वेळा म्हटले की कान तो रिषभ टिपू लागतो. मग ‘ओ दुनिया के रखवाले’ ऐकताना सा जवळ आला की तो रिषभ सहज लक्षात येतो. गंधाराची वागणूकही वेगळी असते. दरबारीत तो आंदोलित, जड आणि सावकाश हेलकावणारा असतो. मालकंसात तो त्या मानाने स्थिर असतो आणि बरेचदा मध्यमावरून मींडेने घेतला जातो. हे हेलकावे पेटीवर निघत नाहीत. त्यांच्यासाठी गळा, सारंगी किंवा सतारच ऐकायला हवी.

मालकंसाचा आणखी एक शेजारी म्हणजे चंद्रकंस. प्रचलित चंद्रकंसात बाकी चार सूर तेच असतात, फक्त नी शुद्ध असतो. त्यासाठी चाल तार सा गाठते ती जागा ऐकावी. मालकंसात नी आणि सा यांच्यामध्ये पेटीवर एक पट्टी मोकळी राहते. चंद्रकंसात नी साला अगदी खेटून असतो आणि त्यामुळे एक अस्वस्थ ओढ निर्माण होते. ‘मन तडपत’मध्ये ती ओढ नाही. नी कोमल आहे, म्हणून हा मालकंसच.

भावाचा उपयोग यानंतर पडताळ्यासाठी करावा. परंपरेने मालकंस रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी गायला जातो आणि त्याची प्रकृती धीरगंभीर मानली जाते. ‘मन तडपत’ या वर्णनात चपखल बसते. पण व्ही. शांताराम यांच्या ‘नवरंग’ (1959) चित्रपटात सी. रामचंद्र यांनी ‘आधा है चंद्रमा रात आधी’ हे प्रेमगीत याच मालकंसात बांधले. तिथे आळवणी नाही, विरक्तीही नाही. रात्र मात्र आहे. लय, ठेका, शब्द आणि वाद्यमेळ बदलला की भाव इतका सरकतो. भक्ती म्हणजे मालकंस असे समीकरण मांडणाऱ्याला हे गाणे ओळखता येणार नाही. रिषभ-पंचमाची गैरहजेरी आणि मध्यमावरचा भार धरून ठेवणाऱ्याला ते ओळखता येते.

चित्रपटगीताला रागाचे नियम पाळण्याची सक्ती नसते, हेही ध्यानात ठेवावे लागते. कित्येक गाण्यांत ध्रुवपद एका रागात चोख असते आणि अंतऱ्यात बाहेरचा एखादा सूर हळूच येतो. व्हायोलिनच्या ताफ्याने वाजवलेल्या मधल्या तुकड्यांत तर रागाबाहेरचे सूर सर्रास असतात. म्हणून तपासणी गायलेल्या ओळींचीच करावी आणि ध्रुवपद व अंतरा वेगवेगळे पाहावेत. उपरा सूर एकदाच, ओझरता आला असेल, तर मूळ रागाचे नाव कायम राहते. तो प्रत्येक अंतऱ्यात येऊन ठाण मांडत असेल, तर ‘मिश्र’ म्हणणे योग्य. सहा-सात वेगळे सूर सारख्याच वजनाने येत असतील आणि कोणताही ठरावीक तुकडा परतून येत नसेल, तर त्या चालीला रागाचे नाव देऊ नये. तशी चाल संगीतकाराची स्वतंत्र असते.