तक्रार नेमकी कोणत्या गोळीची?

हार्ट अटॅकनंतर अँजिओप्लास्टी होऊन घरी निघालेले अठ्ठावन्न वर्षांचे एक काका समोर बसले आहेत असं धरू. पिशवीत चार गोळ्या. अॅस्पिरिन ७५ मिलिग्रॅम दुपारी जेवणानंतर, टिकाग्रेलॉर ९० सकाळ-संध्याकाळ, अटोर्व्हास्टॅटिन ८० रात्री आणि मेटोप्रोलॉल २५ सकाळी. काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एवढ्या गोळ्या एकदम उष्ण नाही का पडणार?"

या चारही गोळ्या एकत्र चालतात. खरी अडचण निराळीच असते. महिन्याभरात काही त्रास झाला, की तो कोणत्या गोळीचा हे कळत नाही आणि माणूस अख्खी पिशवी बाजूला ठेवतो. म्हणून समुपदेशन करताना गोळीचं काम आणि तिची तक्रार मी जोडीनेच सांगते.

सर्वांत जास्त वेळ पहिल्या दोन गोळ्यांना द्यावा. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. तिच्यावर शरीराचं स्वतःचं अस्तर चढेपर्यंत रक्तातल्या प्लेटलेट्स तिला चिकटून गुठळी करू शकतात. हा धोका पहिल्या महिन्यात सर्वाधिक असतो. अॅस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर प्लेटलेट्सना दोन वेगळ्या वाटांनी अडवतात, म्हणून एकीवर भागत नाही. टिकाग्रेलॉर साधारण वर्षभर चालते, अॅस्पिरिन बहुधा कायमची. दात घासताना थोडं रक्त येणं, हातावर निळा डाग उमटणं हे या जोडीमुळे होतं, ते चालतं. शौचाला डांबरासारखं काळं आणि चिकट होऊ लागलं किंवा रक्ताची उलटी झाली, तर मात्र थेट रुग्णालय गाठायचं.

टिकाग्रेलॉरची आणखी एक खोड माहीत असावी. काही जणांना स्वस्थ बसलेलं असतानाही मध्येच धाप लागल्यासारखं वाटतं. काकांना दहाव्या दिवशी असं झालं आणि ते घाबरून "ही गोळी सोसत नाही" म्हणून थांबले, तर स्टेंट बंद पडण्याची वेळ येऊ शकते. त्यांनी गोळी चालू ठेवून लगेच डॉक्टरांना फोन करायचा. डॉक्टर तपासतात, गरज वाटली तर बदलून क्लोपिडोग्रेल देतात, पण मध्ये खंड पडू देत नाहीत. आडवं झाल्यावर दम वाढत असेल, पाय सुजले असतील किंवा छातीत दुखत असेल, तर तो दोष गोळीवर टाकू नये. त्याच क्षणी रुग्णालयात जावं.

अटोर्व्हास्टॅटिनबद्दल हमखास ऐकू येतं, "माझं कोलेस्टेरॉल तर नॉर्मल आहे." ही गोळी रक्तवाहिनीतला चरबीचा थर स्थिर ठेवते, तो फुटू नये म्हणून ती द्यायची. अटॅकनंतर एलडीएल ५५ च्या खाली ठेवण्याचं लक्ष्य असतं, म्हणून रिपोर्टवरचं 'नॉर्मल' इथे पुरेसं नाही. दोन्ही मांड्या किंवा खांदे सारखे दुखू लागले, तर डॉक्टरांना सांगायचं, डोस कमी करता येतो. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी. रात्रीची गोळी विसरायला होत असेल, तर ही सकाळी घेतली तरी चालते.

मेटोप्रोलॉल हृदयाची धडधड आणि त्यावरचा ताण कमी करते. उठताना चक्कर आली तर ती या गोळीमुळे असू शकते. काकूंना मनगटावरची नाडी मोजायला शिकवून ठेवावी. ठोके मिनिटाला पन्नासच्या खाली गेले किंवा भोवळ येऊ लागली, तर पुढची गोळी देण्याआधी फोन करायचा. आपल्या मनाने ती एकाएकी बंद केली, तर छातीतलं दुखणं आणि धडधड उसळून येऊ शकते. दीर्घकाळ विरघळणारी गोळी असेल, तर ती चावायची किंवा कुटायची नाही.

कोणतीही वेळ चुकली, तर पुढच्या वेळी एकच गोळी घ्यावी, दोन नाही. आणि नव्या दुकानातून पाकीट आणलं, की ब्रँडच्या नावाखालची बारीक अक्षरं वाचावीत. एकाच कॅप्सूलमध्ये अॅस्पिरिन आणि स्टॅटिन असलेली औषधं मिळतात, त्यामुळे नकळत डोस दुप्पट होतो.

गुडघा दुखला म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेणं या चौकडीत सर्वांत वाईट. त्याने पोटातून रक्तस्रावाचा धोका वाढतो, हृदयालाही ते बाधतं. पॅरासिटामॉल चालतं. चार-सहा महिन्यांनी दाढ काढायची वेळ आली आणि "रक्त पातळ करायच्या गोळ्या आठवडाभर बंद ठेवा" असं कुणी म्हणालं, तर आधी दातांच्या डॉक्टरांचं आणि हृदयाच्या डॉक्टरांचं फोनवर बोलणं करून द्यावं. साधी दाढ बहुतेक वेळा गोळ्या चालू ठेवूनच काढतात. जखमेवर कापसाचा बोळा नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ दाबून धरावा लागतो, इतकंच.