औषध परत मागविण्याची सूचना

सप्टेंबर २०२५ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातील लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन आमच्या नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली व त्यांतील कित्येक दगावली. संशय ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधावर आला. तमिळनाडूच्या सरकारी तपासणीत त्याच्या एसआर-१३ या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष शेकडा ४८.६ आढळले, मान्य मर्यादा शेकडा ०.१ आहे. लागलीच महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही ही बॅच न वापरण्याविषयी सावध केले. अशी सूचना मराठीत व इंग्रजीत कशी लिहावी, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहो.

प्रथम वस्तूची ओळख. औषधाचे व उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत ही आरंभीच यावीत. बॅच क्रमांक आम्ही येथे देवनागरीत लिहिला खरा. परंतु मराठी सूचनेत तो बाटलीवर असेल तसाच रोमन अक्षरांत छापावा. म्हणजे इंग्रजी न जाणणारी आजीही दोन आकृती शेजारी धरून ताडा पाहू शकेल.

दुसरी गोष्ट क्रियापदाची. ‘कंपनीने विष घातले’ हा निवाडा झाला आणि तो न्यायालयाचा अधिकार आहे. ‘तपासणीत विष आढळले’ हे वृत्त होय. ते कोणी व केव्हा तपासले हे सांगून निर्धास्तपणे लिहावे. मात्र सावधगिरीच्या नावाखाली ‘तांत्रिक कारणास्तव’ असे गुळमुळीत लिहिणे हा अपराधच. इंग्रजीत ‘मे कंटेन’ असेल तर मराठीत ‘असू शकते’ असेच हवे. ‘आहे’ लिहिले तर दोन सूचना दोन अर्थ सांगतील आणि वाद उभा राहील.

तिसरी गोष्ट कृतीची. आमच्या मते मजकूर असा असावा :

‘या बॅचचे औषध कोणासही देऊ नका. चव किंवा वास घेऊन दोष कळत नाही. बाटली फेकू नका. मुलांच्या हाती लागणार नाही अशी वेगळी ठेवून औषध प्रशासनास कळवा. मुलाने हे औषध घेतले असल्यास, आणि विशेषतः लघवी कमी झाली किंवा उलट्या होत असल्यास, त्यास विनाविलंब रुग्णालयात न्या व बाटली सोबत घ्या. ही सूचना फक्त वरील बॅचपुरती आहे.’

बाटली फेकू नका म्हणण्याचे कारण हे की, तीच वैद्यांस निदानाला आणि पुढे न्यायालयास पुराव्याला उपयोगी पडते. शेवटच्या वाक्यात तर घबराट आवरण्याचे सामर्थ्य आहे; मात्र इतर बॅचांची तपासणी झाली नसेल तर त्या निर्दोष आहेत असे त्यातून सुचवू नये.

इतके लिहून झाल्यावर ती सूचना घरातील वडीलधाऱ्या माणसास वाचावयास द्यावी आणि फक्त एवढेच विचारावे, ‘आता तुम्ही काय कराल?’ उत्तर चुकले तर दोष वाचणाऱ्याचा नव्हे.