रोख्याचं गणित सहामाहीतच मांडा

भारत सरकारच्या बहुतेक मुदती रोख्यांवर व्याज दर सहा महिन्यांनी मिळतं. त्यामुळे फिक्स्ड इन्कमच्या पेपरात हा प्रश्न हमखास येतो: दर्शनी किंमत १०० रुपये, मुदत २ वर्षं, कूपन वार्षिक ६ टक्के, व्याज सहामाही, बाजारातला परतावा वार्षिक ८ टक्के (सहामाही चक्रवाढीने). रोख्याची किंमत आणि ड्युरेशन काढा.

यातली खरी गोम वर्ष आणि सहामाही यांच्या घोळात आहे. म्हणून कागदावर पहिल्यांदा सगळं सहामाहीत लिहून घ्यावं. कूपन ३ रुपये, दर ४ टक्के, हप्ते चार. चौथ्या हप्त्याला व्याजासोबत मुद्दल परत येतं, म्हणजे १०३ रुपये.

आता प्रत्येक रकमेचं आजचं मोल काढायचं. पहिले ३ रुपये १.०४ ने एकदा भागायचे, दुसरे दोनदा, आणि असंच पुढे. उत्तरं येतात २.८८, २.७७, २.६७ आणि ८८.०४, बेरीज ९६.३७ (दशांश न तोडता). बाजार ८ टक्के देत असताना ६ टक्क्यांचा रोखा शंभराला कोण घेईल? किंमत शंभराच्या वर आली, तर कूपन आणि परतावा यांची अदलाबदल झाली असं समजावं.

ड्युरेशन म्हणजे पैसे सरासरी किती काळाने हाती येतात ते. मात्र ही सरासरी प्रत्येक रकमेच्या आजच्या मोलाच्या वजनाने काढायची. फ्रेडरिक मॅकॉले यांनी १९३८ मध्ये हे माप मांडलं. वरच्या चार आकड्यांना क्रमाने १, २, ३, ४ ने गुणून बेरीज केली की ३६८.६१ येतात. त्यांना ९६.३७ ने भागलं की ३.८२. इथेच अनेक जण ‘३.८२ वर्षं’ लिहून मोकळे होतात. पण दोन वर्षांत संपणाऱ्या रोख्याचे पैसे सरासरी पावणेचार वर्षांनी येतील कसे? त्या ३.८२ सहामाह्या आहेत. निम्म्या केल्या की १.९१ वर्षं.

किंमत दराला किती हलते हे पाहायला मॉडिफाइड ड्युरेशन लागतं, आणि त्यासाठी १.९१ ला १.०४ नेच भागायचं, १.०८ ने नाही. चक्रवाढ सहामाही आहे, म्हणून भाजकही सहामाहीचाच. उत्तर १.८४.

याचा अर्थ, परतावा एक टक्क्याने वाढून ९ झाला तर किंमत सुमारे १.८४ टक्क्यांनी, म्हणजे १ रुपया ७७ पैशांनी उतरेल. साडेचार टक्के सहामाही दराने किंमत नव्याने काढून पाहिली तर ती ९४.६२ येते, घट १ रुपया ७५ पैशांची. ड्युरेशन सरळ रेषेने अंदाज बांधतं, किंमत मात्र वक्ररेषेने चालते. दोन पैशांचा फरक त्यातूनच येतो. दरातला बदल मोठा असेल किंवा रोखा लांब मुदतीचा असेल, तर हा फरक वाढत जातो आणि कॉन्व्हेक्सिटी धरल्याशिवाय भागत नाही.