चाळीतला कांदा किती टक्के सडला?

लेखमाला : टक्केवारीचा हिशेब, भाग सातवा

या आठवड्याची गोष्ट निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या नववीतल्या मुलीची. गोष्ट रचलेली आहे, पण तिच्यातलं गणित त्या भागातल्या कुठल्याही चाळीला लागू पडेल असं आहे. एप्रिलअखेर घरच्या चाळीत उन्हाळ कांदा भरला. सहा ट्रॉल्या झाल्या, प्रत्येक ट्रॉली भुईकाट्यावरून आली आणि एकूण वजन भरलं १२० क्विंटल. सप्टेंबरात चाळ फोडली. सडका आणि कोंब आलेला कांदा बाजूला काढून उरलेला लासलगावच्या बाजार समितीत गेला, तो ८४ क्विंटल. ३६ क्विंटल कमी आले, म्हणजे १२० चे बरोबर ३० टक्के. "तीस टक्के कांदा सडला," वडील म्हणाले. वजाबाकी बरोबर, भागाकारही बरोबर. चूक आहे ती ‘सडला’ म्हणण्यात. काट्याने फक्त वजन कमी झाल्याचं सांगितलं होतं. ते सडून कमी झालं की सुकून, हे काट्याला कळत नाही. आणि शेतकऱ्याला तर नेमकं तेच कळायला हवं असतं.

कांद्यात शंभराला पंचाऐंशीच्या वर पाणी असतं. काढल्यानंतरही तो श्वसन करत राहतो, त्यातलं पाणी उडत राहतं आणि चार-पाच महिन्यांत निरोगी कांदासुद्धा चांगलाच हलका होतो. यालाच घट म्हणतात. म्हणून मुलीने पहिली पायरी म्हणून फेकायला काढलेला माल काट्यावर घातला. तो भरला ९ क्विंटल. चांगले ८४ आणि वाईट ९ मिळून ९३ झाले, उरलेले २७ क्विंटल हवेत गेले. म्हणजे १२० पैकी ९, साडेसात टक्केच सड? हे उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण यात दोन गफलती आहेत. एक तर ९ क्विंटल हे सप्टेंबरचं वजन आहे आणि १२० हे एप्रिलचं. ओल्या वजनाने सुक्या वजनाला भागलं आहे. बरं, ९ ला सप्टेंबरच्याच ९३ ने भागलं तर पावणेदहाच्या आसपास टक्के येतात, पण तेही खरे नव्हेत, आणि ही दुसरी गफलत जास्त लबाड आहे. सडलेला कांदा चांगल्या कांद्यासारखा सुकत नाही. त्याचं पाणी पाझरून खाली गळतं, काही कांद्यांचं तर वरचं टरफल तेवढं हाताला लागतं. सड जितकी जुनी तितकं तिचं वजन कमी. काट्यावर सड नेहमी प्रत्यक्षापेक्षा लहान दिसते आणि तिची उणीव घटीच्या खात्यात जमा होते.

यावर तोड एकच : वजनाऐवजी नगांवर जायचं. कांदा सुकला, सडला, नुसतं टरफल उरलं, तरी मोजताना तो एकच. मुलीने हे एप्रिलमध्येच ओळखलं होतं. चाळ भरताना तिने तीन जाळीदार गोण्यांत दोनशे-दोनशे कांदे मोजून भरले, तिन्हींचं मिळून वजन घेतलं (५० किलो) आणि एक तळाशी, एक मधल्या थरात, एक वर अशा ठेवल्या. सप्टेंबरात त्या उघडल्या तेव्हा वाया गेलेले कांदे निघाले तळाच्या गोणीत ४१, मधल्या गोणीत २३ आणि वरच्या गोणीत ११. सहाशेत पंच्याहत्तर, म्हणजे साडेबारा टक्के. उरलेले ५२५ चांगले कांदे भरले ३५ किलो. एप्रिलमध्ये सरासरी कांदा ८३ ग्रॅमच्या थोडा वर होता, आता ६७ च्या थोडा खाली आला, म्हणजे चांगल्या कांद्याची घट २० टक्के. आता ताळा पाहा. शंभरातले साडेबारा गेले, साडेसत्त्याऐंशी राहिले. त्यांचे वीस टक्के उडाले, उरले सत्तर. ५० किलोंचे ३५ हे सत्तर टक्केच आणि १२० क्विंटलचे ८४ हेही सत्तरच. साडेबारा आणि वीस यांची सरळ बेरीज साडेबत्तीस होते, पण नुकसान तीस आहे, कारण ते वीस टक्के सडून उरलेल्या मालाचे आहेत, सगळ्या मालाचे नव्हेत. एप्रिलच्या वजनात सांगायचं तर ३६ क्विंटलपैकी १५ वाया गेलेल्या कांद्याचे आणि २१ चांगल्या कांद्यातून उडालेल्या पाण्याचे. काट्यावर आलेले ९ क्विंटल म्हणजे या १५ चं उरलेलं लक्तर.

तीन गोण्यांवरून १२० क्विंटलचा निवाडा करायचा का, हा आक्षेप रास्त आहे. तळाला वीस टक्क्यांच्या वर आणि माथ्याला साडेपाच, इतका फरक एकाच चाळीत असेल तर गोणी कुठे ठेवली यावरच उत्तर ठरतं. वरचीच एक गोणी असती तर चाळ फार छान टिकली असं वाटलं असतं. म्हणूनच तिन्ही थर घ्यावे लागले. पावसाची झड येणाऱ्या बाजूला आणखी एक गोणी असती तर बरं झालं असतं. शिवाय पावसाळ्यात चाळीची निवड करून सडका माल अध्येमध्ये काढला असेल, तर गोण्यांतलाही काढून त्याचे नग लिहून ठेवायला हवेत, नाहीतर हिशेब तुटतो. मात्र सत्तर टक्क्यांचा ताळा काट्याशी जुळला, हा या नमुन्याच्या बाजूचा मोठा पुरावा आहे. जुळला नसता तर गोण्या चाळीसारख्या नव्हत्या असं म्हणावं लागलं असतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. एकूण तोटा तीसच, मग तो सडीचा की घटीचा याची उठाठेव कशाला? कारण दोन्हींवरचे इलाज वेगळे. घट कमी करायची तर कांदा पातीसकट शेतात आणि मग सावलीत नीट सुकवावा लागतो, मानेचा दोन-अडीच सेंटिमीटर भाग ठेवून पात कापावी लागते. मान आवळलेला, टरफल पक्कं झालेला कांदा पाणी सहजी सोडत नाही. पण ती पूर्ण थांबत नाही, थोडीफार घट धरूनच चालावं लागतं. सडीचं तसं नाही. तळाला ४१ आणि वर ११ हे आकडेच सांगतात की खालून हवा खेळत नाही किंवा ढीग फार उंच झाला आहे. तिथे तळ उंचावणं, ढीग पाच फुटांच्या आत ठेवणं, काढणीत मार लागलेला कांदा चाळीत न घालणं हे करता येतं. ‘तीस टक्के सडला’ म्हणणारा माणूस सगळा दोष चाळीला देईल, किंवा बियाण्याला. दोन्हीकडे पैसा घालूनही २१ क्विंटलांचा बराच भाग जायचा तो जाणारच.

तिसरा आक्षेप सरकारी आकड्यांचा. लुधियानाच्या ‘सिफेट’ या केंद्रीय संस्थेने २०१५ मध्ये देशातल्या पिकांच्या काढणीपश्चात नुकसानीचा अहवाल दिला, त्यात कांद्याचं नुकसान आठ टक्क्यांच्या आसपास आहे. मग शेतकरी तीस-चाळीस सांगतात ते खोटं का? दोघे एकाच गोष्टीची टक्केवारी सांगतच नाहीत. अहवालातली ती देशभराची सरासरी आहे, तिच्यात काढल्याबरोबर विकला गेलेला कांदाही येतो. शेतकरी बोलतो ते फक्त चाळीत चार-पाच महिने राहिलेल्या मालाबद्दल, आणि घट धरून. छेदस्थानी काय आहे हे न विचारता दोन टक्केवाऱ्यांची झुंज लावण्यात अर्थ नाही.

घट म्हणजे नासाडी नव्हे, ते नुसतं पाणी, असंही कोणी म्हणेल. खाणाऱ्याच्या दृष्टीने ते खरं आहे, पण लिलाव क्विंटलवर होतो. समजा, एप्रिलमध्ये भाव हजार रुपये होता. तेव्हाच विकला असता तर १२० क्विंटलचे एक लाख वीस हजार आले असते. तेवढेच पैसे ८४ क्विंटलांत मिळवायचे तर सप्टेंबरात भाव सुमारे १,४२९ रुपये हवा. माल तीस टक्के घटला, पण भाव चढायला हवा जवळजवळ त्रेचाळीस टक्के, आणि यात चाळीचा खर्च, निवडीची मजुरी, पाच महिने अडकलेल्या पैशाचं व्याज अजून धरलेलं नाही. मुलीने हा आकडा काढून दिल्यावर वडिलांनी पुढच्या वर्षी चाळीत किती भरायचा आणि किती आधीच विकायचा, याचा हिशेब मांडायला घेतला. मजुरी आणि व्याज त्यात कसं बसवायचं, ते पुढच्या भागात.