दप्तर कंडक्टरनंच का शोधावं?

लहान मुलांसाठी गोष्ट लिहायची म्हटलं की एक कथानक हमखास सुचतं. एका मुलाचं दप्तर एसटीत राहतं आणि म्हातारा, मायाळू कंडक्टर ते शोधून देतो. मूल हसतं, कंडक्टरचे डोळे पाणावतात, गोष्ट संपते. अशी गोष्ट मुलं मुकाट्यानं ऐकून घेतात आणि दुसऱ्यांदा मागत नाहीत.

असं का होतं, ते तपासायची सोपी युक्ती आहे. गोष्टीतला कंडक्टर काढून तिथं पोस्टमन बसवा, किंवा शाळेचा शिपाई. गोष्ट होती तशीच चालली तर समजावं, की लेखकानं कंडक्टरला नुसता खाकी गणवेश चढवला, काम काही दिलं नाही. त्याचा चांगुलपणा कुणालाही चिकटवता येतो. दप्तर सापडायला हवं ते कंडक्टरलाच ठाऊक असणाऱ्या गोष्टींमुळे.

मग मुळात दप्तर हरवतं कसं, इथून सुरुवात करू. ‘विसरली’ एवढं म्हणून भागत नाही. सकाळच्या गाडीत शाळेची पोरं उभी असतात. पाठीवर दप्तर असलं की गर्दीत सगळ्यांना अडचण, म्हणून ते बसलेल्या माणसाच्या मांडीवर जातं. “जरा धरा हो.” थांबा येतो, मागून रेटा येतो, मूल खाली उतरतं आणि दप्तर मांडीवरच राहतं. एसटीनं शाळेत गेलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. शिवाय यात चोर लागत नाही. चोर आला की लहान मुलांच्या गोष्टीला उगाच पोलिसी वळण लागतं.

आपली गोष्ट गुहागर–चिपळूण रस्त्यावर घडवू. सानिका पाचवीत आहे. गुहागरहून सुटलेल्या गाडीत ती वाटेत चढते आणि शाळेसाठी शृंगारतळीला उतरते. गाडी पुढं मार्गताम्हाणे, रामपूर करत चिपळूणला जाते. कंडक्टर तात्या निवृत्तीला आलेले. नोकरीला लागले तेव्हा हातात तिकिटांचा ट्रे आणि चिमटा होता, आता मशिन आहे. तरी चिमट्याची टकटक करायची सवय गेलेली नाही, पेनानं सीटच्या दांडीवर ठोकत ते गाडीभर फिरतात.

शाळेत गेल्यावर सानिकाच्या लक्षात येतं, पण दोन घंट्या वाजवून गाडी केव्हाच पुढं गेलेली असते. मधल्या सुट्टीत तीच गाडी चिपळूणहून परत येते, तेव्हा सानिका बाईंना घेऊन थांब्यावर उभी राहते. बाई सोबत हव्यातच. अनोळखी मोठ्या माणसाबरोबर मूल एकटं कुठं निघालं, असं आजच्या गोष्टीत लिहू नये, माणूस कितीही भला असो.

आता तात्यांचं काम सुरू. फेरी संपली की गाडीत कुणाचं काही राहिलंय का हे बघायचं आणि सापडलेली वस्तू स्थानकावर जमा करायची, ही कंडक्टरची जबाबदारीच असते. तात्यांनी चिपळूणला गाडी पाहिलेली आहे. दप्तर नव्हतं. म्हणजे ते वाटेत कुणाबरोबर तरी उतरलं. पण कुठं?

मशिन थोडी मदत करतं. एसटीचं भाडं 6 किलोमीटरच्या टप्प्यावर चालतं, त्यामुळे कुठून कुठपर्यंत किती तिकिटं गेली याचा हिशेब निघतो. पण त्यात चेहरा नसतो. आणि सानिकासारखी कागदी पासवाली मुलं तर त्या हिशेबात नसतातच, कारण त्यांना तिकीट द्यावं लागत नाही. जिथं मशिन थांबतं तिथून तात्यांची आठवण सुरू होते. कुणाला कुठवरचं तिकीट दिलं, कोण कुठं बसलं होतं, हे वर्षानुवर्षं त्याच रस्त्यावर काम करणाऱ्या कंडक्टरच्या डोक्यात असतं. म्हातारपण गोष्टीच्या उपयोगी पडतं ते इथं. कालच लागलेल्या पोराला हे जमलं नसतं.

“दप्तर कुणाकडं दिलं होतंस?”

“बघितलं नाही. गर्दी होती. सुक्या मासळीचा वास येत होता.”

त्या गाडीत सुकी मासळी घेऊन बसलेल्या दोघी होत्या. एकीनं मार्गताम्हाण्याचं तिकीट काढलेलं, दुसरीनं चिपळूणचं. तात्या विचारतात, “जवळा की बोंबील?”

सानिका क्षणभर डोळे मिटते. “बोंबील!”

“मग मार्गताम्हाणं,” तात्या म्हणतात.

या जागी गोष्टीची गाठ सुटते, आणि ती दोघं मिळून सोडवतात. तात्यांना माणसं आणि तिकिटं ठाऊक, पण दप्तर कुणाकडं गेलं हे एकट्या सानिकालाच सांगता येतं. कोकणातल्या पोरीला जवळा आणि बोंबील यांतला फरक शिकवावा लागत नाही. मोठ्या माणसानं सगळं शोधून दिलं असतं तर ऐकणाऱ्या मुलाला गोष्टीत करायला काही उरलं नसतं. मात्र बोंबलाचा वास गोष्टीत आधीच येऊन गेलेला हवा, गाडीत चढताना सानिकानं नाक मुरडलेलं हवं. एरिख केस्टनर या जर्मन लेखकाच्या 1929 सालच्या ‘एमिल अँड द डिटेक्टिव्हज’मध्ये एमिल आगगाडीतल्या प्रवासात नोटा कोटाच्या अस्तराला टाचणीनं टोचून ठेवतो. तेव्हा ती नुसती खबरदारी वाटते. शेवटी नोटांना पडलेली भोकंच त्या त्याच्या असल्याचा पुरावा ठरतात. खूण आधी सहज पेरायची आणि तिचं काम मागाहून दाखवायचं, हे लहानांच्या गोष्टीत फार उपयोगी पडतं.

दप्तराचा ठिकाणा कळला तरी तात्यांना जाता येत नाही. मार्गताम्हाणं मागं राहिलं, गाडी भरलेली, गुहागरची वेळ गाठायची. अशा वेळी नवशिका लेखक कंडक्टरला गाडीतून उतरवून मुलीबरोबर धावत पाठवतो. खरा कंडक्टर तसं करणार नाही, आणि करू नये. तो आपल्या कामाच्या चौकटीतच वाट काढतो. पुढं चिपळूणला निघालेली गाडी समोरून येते, अरुंद रस्त्यावर दोन्ही गाड्या खिडकीला खिडकी लावून थांबतात आणि तात्या निरोप देतात, “मार्गताम्हाण्यात बोंबीलवाली आजी बसते ना, तिच्याकडं पोरीचं दप्तर आहे. येताना केबिनमध्ये टाक.” मोबाइल का नाही? कारण आजीचा नंबर कुणाकडंच नाही. एवढं एक वाक्य गोष्टीत टाकावं, नाहीतर मुलं हमखास विचारतात.

आजीनं दप्तर टोपलीशेजारी जपून ठेवलेलं असतं. पोर संध्याकाळच्या गाडीनं शोधत येईल, अशी तिची अटकळ. शाळा सुटायच्या वेळी ड्रायव्हरच्या केबिनमधून दप्तर शृंगारतळीला उतरतं, वह्यापुस्तकांसकट आणि बोंबलाच्या वासासकट. दुसऱ्या दिवशी वर्गात सानिकाच्या बाकावर तिच्याशेजारी कुणी बसायला तयार नसतं.

इथं थांबावं. बहुतेक लेखकांना यानंतर तात्यांच्या तोंडी एक वाक्य घालायचा मोह होतो, वस्तू सांभाळाव्यात, माणसांवर विश्वास ठेवावा, अशा धर्तीचं. लिहून झालंच असेल तर ते खोडा आणि गोष्ट एखाद्या पाचवीतल्या मुलाला मोठ्यानं वाचून दाखवा. ‘जवळा की बोंबील’ला तो तात्यांच्या आधी उत्तर द्यायला निघाला, तर गोष्ट जमली.