फरक फक्त 968 रुपयांचा

दिवाळी संपली की कपड्यांच्या दुकानात दुसरी गर्दी सुरू होते, ती बदलून घेणाऱ्यांची. कुणाला कुर्ता दंडात घट्ट होतो, कुणाला घरी गेल्यावर रंग आवडत नाही. पिशवीतला कपडा काउंटरवर येतो, त्याऐवजी दुसरा निवडला जातो, आणि तो पहिल्याच्याच किमतीचा सहसा नसतो. कमीजास्त पैसे देऊन-घेऊन मंडळी घरी जातात. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने तेवढ्यावर विषय संपतो. पण त्या दोन-चार मिनिटांत बिल कसं बनलं, यावर बरंच अवलंबून असतं: आपल्याला परत मिळालेली रक्कम बरोबर आहे का, दुकानदाराने कर नीट भरला का, आणि हाच कपडा पुन्हा बदलायची वेळ आली तर काय होईल.

एक उदाहरण सावकाश पाहू. सणाआधी तुम्ही एक कुर्ता घेतला. टॅगवर किंमत 2,100 रुपये, सगळे कर धरून. म्हणजे कुर्त्याचे 2,000 आणि त्यावर 5 टक्के जीएसटी, 100 रुपये. आता तो परत करून तुम्ही 3,068 रुपयांचा तयार ड्रेस घेताय. फरक सरळ आहे, 968 रुपये. तुम्ही तेवढे देता आणि निघता.

काउंटरवरच्या मुलाने हे दोनपैकी एका तऱ्हेने केलेलं असतं. घाईतली तऱ्हा अशी, की तो 968 रुपयांचं एक नवं बिल फाडतो, त्यावर ‘बदली फरक’ असं काहीतरी लिहितो, जुना कुर्ता उचलून मागे ठेवतो आणि ड्रेस तुमच्या पिशवीत घालतो. पैशाचा हिशेब जुळला, गल्ला जुळला, सगळं ठीक दिसतं.

नीट तऱ्हेत तो आधी तुमचं जुनं बिल काढतो. त्यावरचा बारकोड वाचला की ते बिल पडद्यावर उघडतं. त्यातली कुर्त्याची ओळ तो परत घेतो, म्हणजे उणे 2,100. मग ड्रेसचा टॅग वाचतो, अधिक 3,068. खाली बेरीज 968 येते. रक्कम तीच, पण कागदावर दोन ओळी आहेत आणि त्या जुन्या बिलाच्या नंबराला बांधलेल्या आहेत. कायद्याच्या भाषेत हे दोन कागद आहेत: परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट आणि नव्या मालाचं बिल. 2017 च्या केंद्रीय जीएसटी कायद्याचं 34 वं कलम क्रेडिट नोटेबद्दल आहे, आणि ती ज्या बिलावरून दिली त्याचा नंबर आणि तारीख तिच्यावर असावी असं नियम सांगतात. चांगलं बिलिंग सॉफ्टवेअर हे दोन्ही कागद एका झटक्यात बनवतं, म्हणून गिऱ्हाइकाला तो एकच व्यवहार वाटतो, आणि तसा तो वाटायलाच हवा.

आता या दोन ओळींनी एवढं काय बिघडतं किंवा सुधारतं, ते कराच्या रकान्यात दिसतं. 22 सप्टेंबर 2025 पासून तयार कपड्यांचा जीएसटी असा आहे: नगाची विक्री किंमत 2,500 रुपयांपर्यंत असेल तर 5 टक्के, त्याच्या वर गेली तर 18 टक्के. ही किंमत कर वगळून मोजायची. आपला ड्रेस कराविना 2,600 चा आहे. म्हणून त्यावर 18 टक्क्यांनी 468 रुपये कर बसला आणि टॅगवर 3,068 आले. म्हणजे ड्रेस कुर्त्यापेक्षा खरा 600 रुपयांनीच महाग आहे. तुम्ही मोजलेल्या 968 मधले उरलेले 368 सरकारचे आहेत.

घाईच्या बिलात काय झालं? तिथे 968 रुपये हाच जणू एक नग आहे. रक्कम लहान म्हणून सॉफ्टवेअरने 5 टक्के लावले, आतला कर निघाला 46 रुपये 10 पैसे. जुन्या बिलातले 100 धरून दुकानाने दाखवलेला एकूण कर 146 रुपये 10 पैसे, आणि द्यायचा होता 468. गिऱ्हाइकाने ड्रेसचे पूर्ण पैसे दिलेत, पण त्यातले जवळजवळ 322 रुपये सरकारपर्यंत पोचलेच नाहीत. दुकानदाराच्या मनात खोट नसेलही. पण सणाच्या हंगामात अशी शंभरभर बिलं झाली तर तपासणीत त्याला उत्तर देता येणार नाही. शिवाय साठ्याच्या यादीत तो ड्रेस अजून दुकानातच आहे आणि कुर्ता विकलेलाच आहे. महिनाअखेरीला मोजणी झाली की एक नग जास्त, एक नग कमी.

उलट दिशेने हेच गणित गिऱ्हाइकाच्या बाजूने चालतं, आणि ते माहीत असणं गरजेचं आहे. 3,068 चा ड्रेस देऊन 2,100 चा कुर्ता घेतला तर तुम्हाला पूर्ण 968 मिळायला हवेत. ‘कर आम्ही भरून टाकला, तो परत मिळणार नाही’ असं काही ठिकाणी ऐकवलं जातं. ते बरोबर नाही. वेळेत क्रेडिट नोट केली की दुकानाचा त्या विक्रीवरचा कर कमी होतो. त्या नोटेला विक्रीच्या आर्थिक वर्षानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत मुदत असते (वार्षिक विवरण त्याआधी भरलं तर तोवरच), म्हणजे दिवाळीच्या बदलीसाठी मुबलक वेळ आहे.

जुन्या बिलाशी बांधण्याचं आणखी एक कारण 2025 च्या नवरात्रात अनेकांनी अनुभवलं असेल. कराचे नवे दर घटस्थापनेच्या दिवशीच लागू झाले. 1,000 ते 2,500 रुपयांच्या कपड्यांवर त्याआधी 12 टक्के कर होता. म्हणजे हाच 2,000 चा कुर्ता आदल्या आठवड्यात 2,240 ला मिळाला आणि नंतर 2,100 ला. कुणी आदल्या आठवड्यातला कुर्ता नुसता मोठ्या मापासाठी बदलायला नेला, तर कपडा तोच असूनही 140 रुपये परत मिळायला हवेत, कारण परतीची ओळ जुन्या दराने आणि नवी ओळ नव्या दराने लागते. ‘माप बदलून दिलं, हिशेब शून्य’ म्हणणाऱ्या दुकानात ते 140 रुपये गिऱ्हाइकाचे गेले.

सेलमध्येही हेच घडतं. बिल न शोधता नुसता टॅग वाचला, तर यंत्र आजची किंमत दाखवतं. कुर्त्यावर आता 40 टक्के सूट लागली असेल तर परतीला 1,260 च धरले जातील, तुम्ही 2,100 मोजलेले असले तरी. बिल हरवलेल्या गिऱ्हाइकाला दुकान कमीत कमी किंमत लावतं, त्यात मला दुकानाची चूक वाटत नाही. नाहीतर सेलमध्ये घेतलेला कपडा सेल संपल्यावर पूर्ण किमतीला परत येईल. बिल हातात असताना मात्र आजची किंमत लावायचं काहीच कारण नाही.

खरी डोकेदुखी असते ती पूर्ण बिलावरच्या सवलतीची. समजा, 5,000 च्या वर खरेदीला 10 टक्के सूट आहे. तुम्ही 2,000, 1,800 आणि 1,500 चे तीन कपडे घेतलेत. बेरीज 5,300, सूट जाऊन 4,770 दिलेत. आता 1,800 चा देऊन 1,200 चा घ्यायचाय. किती परत मिळतील?

याची तीन उत्तरं आहेत. सूट दोन्हीकडे कायम धरली तर जुन्याचे 1,620 आणि नव्याचे 1,080, परत 540. सूट जुन्यावर धरली आणि नवा पूर्ण किमतीला लावला तर परत 420. आणि बिल पुन्हा पहिल्यापासून मांडलं तर बेरीज 4,700 होते, 5,000 च्या खाली जाते, सूटच उडते. तुम्ही दिलेले 4,770, म्हणून परत फक्त 70 रुपये.

600 रुपयांनी स्वस्त कपडा घेऊन हातात 70 रुपये आले की गिऱ्हाईक संतापतं, आणि तो संताप मला समजतो. तरी विचार केला तर तिसरं उत्तर तर्काला धरून आहे: हेच तीन कपडे पहिल्या दिवशी घेतले असते तर 4,700 च द्यावे लागले असते. माझं म्हणणं एवढंच, की जे दुकान हा नियम लावणार आहे त्याने तो खरेदीच्या वेळी सांगावा, सूट लिहिलेल्या फलकावरच लिहावा. काउंटरवर परत आलेल्या माणसाला तो पहिल्यांदा ऐकवणं अन्यायाचं आहे.

‘दोनवर एक मोफत’ असेल तर बिल लगेच वाचून घ्या. 1,200 चे तीन शर्ट 2,400 ला मिळाले, तर प्रत्येक शर्टासमोर 800 लिहिलेलं असावं. दोघांसमोर 1,200 आणि तिसऱ्यासमोर शून्य असेल, तर नेमका तोच तिसरा शर्ट घट्ट झाल्यावर त्याची परतीची किंमत शून्य निघेल.

कायद्याची हद्दही इथे ओळखून असावी. रंग आवडला नाही, माप चुकलं, म्हणून बदलून देणं हा दुकानाच्या धोरणाचा भाग आहे. सदोष मालाचं तसं नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला आणि बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, पैसे परत करायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी तिथे चालत नाही.

आणि दुसऱ्यांदा बदलायची वेळ आली तर? वरच्या ड्रेसची शिवण आठवड्यात उसवली असं धरा. घाईच्या बदलीत तो ड्रेस कुठल्याच बिलावर नाही. तुमच्याकडे 2,100 चं कुर्त्याचं बिल आहे आणि 968 ची ‘फरक’ लिहिलेली चिठ्ठी. नवा माणूस काउंटरवर असेल तर तो 968 च परत देऊ करेल आणि त्याच्यापुरतं ते खरंही असेल. दोन ओळींच्या बिलावर ड्रेसचं नाव आणि 3,068 छापलेले असतात, बोलायचं कारणच पडत नाही. म्हणून बदली झाल्यावर काउंटरवरून हलण्याआधी नव्या वस्तूचं नाव तिच्या पूर्ण किमतीसह बिलावर आहे का, तेवढं बघा. नसेल तर तिथेच दुरुस्त करून मागा.

भाऊबीजेच्या भेटींचा एक पेच उरतो. भावाने यूपीआयने पैसे देऊन ड्रेस घेतला, बहीण तो बदलायला आली आणि तिने स्वस्तातला निवडला. फरक ज्या मार्गाने आला त्याच मार्गाने परत करायचा अशी शिस्त बऱ्याच दुकानांत आहे, कारण ऑनलाइन आलेले पैसे रोखीने परत दिले तर गल्ल्यात गैरव्यवहाराला वाट मिळते. त्या शिस्तीने फरक भावाच्या खात्यात जाईल, आणि बहिणीने स्वस्तातला घेतला हे त्याला मोबाइलवर कळेल. अशा वेळी बहिणीने फरकाची रक्कम पुढच्या खरेदीत वळती होईल अशी चिठ्ठी मागावी. चिठ्ठीवर रक्कम, मुदत आणि मूळ बिलाचा नंबर असावा, आणि ती कुणाच्याही हातून वटेल की तिच्याच नावावर, हे विचारून घ्यावं.